पाचशे पानं आणि दोन अंक: कादंबरीचं नाटक करताना काय ठेवतात, काय सोडतात

१८७२ च्या जानेवारीत रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीनं एका पत्राला उत्तर लिहिलं. वार्वारा ओबोलेन्स्काया या बाईंना त्याच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ या कादंबरीचं नाटक करायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी परवानगी मागितली होती. परवानगी त्यानं दिली, पण असे प्रयत्न बहुतेक फसतात हेही सांगून टाकलं. मोठ्या कथनाचा घाट नाटकात जसाच्या तसा उतरत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मग त्यानं दोन वाटा सुचवल्या. एक, कादंबरीतला एखादाच प्रसंग उचला आणि त्याचं नाटक करा. दुसरी, मूळ कल्पना तेवढी घ्या आणि कथानक पार बदलून टाका.

आपली कादंबरी मोडा, असं लेखक स्वतः सांगतोय. आणि आपण वाचक मात्र नाट्यगृहातून बाहेर पडताना कुरकुरतो, की पुस्तकातलं अमुक नव्हतंच, तमुक पात्र कुठे गेलं? या कुरकुरीत तथ्य असतंही कधीकधी. पण रूपांतर करणारा कशाच्या आधारावर काय ठेवतो हे कळलं, तर कुरकूर निदान योग्य जागी करता येईल. म्हणून हीच कादंबरी घेऊन बघू. गोष्ट थोडक्यात अशी: पीटर्सबर्गमधला रास्कोल्निकोव्ह नावाचा कफल्लक विद्यार्थी गहाणवट घेणाऱ्या एका म्हातारीचा कुऱ्हाडीनं खून करतो, त्यात तिची बहीण लिझावेताही मरते, आणि मग उरलेली कादंबरीभर तो कबुलीकडे ढकलला जातो.

आधी साधा हिशेब

दोन तासांच्या नाटकाची संहिता साधारण पंधरा ते वीस हजार शब्दांची असते. ही कादंबरी इंग्रजी अनुवादात दोन लाख शब्दांच्या आसपास जाते. म्हणजे दहातला एक शब्द उरणार. शिवाय त्या एका शब्दालाही उभं राहायला, चालायला, गप्प बसायला वेळ लागतो.

त्यामुळे प्रत्येक प्रसंगाचं थोडं थोडं घेऊ, हा पहिला मोह असतो तो तिथेच सोडावा लागतो. तसं केलं की वीस-पंचवीस छोटे प्रवेश होतात, दर चार मिनिटांनी अंधार, सामान हलवण्याचे आवाज, आणि एकही प्रवेश तापायच्या आत संपलेला. हौशी स्पर्धांमध्ये कादंबरीवरची नाटकं पडतात ती बहुधा अशीच. काहीही वगळलेलं नसतं, आणि तरी काहीच घडत नाही.

प्रेक्षक कोणता प्रश्न धरून बसणार?

प्रसंग निवडायच्या आधी एक प्रश्न निवडावा लागतो. या कादंबरीत प्रश्न अनेक आहेत. रास्कोल्निकोव्हची बहीण दुन्या पैसेवाल्या लुझिनशी लग्न करील का? दारुड्या मार्मेलादोव्हच्या पोरांचं काय होईल? दुन्याच्या मागे लागलेला स्विद्रिगायलोव्ह नेमका किती वाईट आहे? ‘खून कोणी केला’ हा प्रश्न मात्र नाही, कारण ते आपल्याला पहिल्या भागातच माहीत होतं.

रंगमंचावर सगळ्यात घट्ट बसणारा प्रश्न मला हा वाटतो: हा माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल करील का, आणि कोणासमोर? हा प्रश्न धरला की दोन माणसं आपोआप पुढे येतात. एक तपास अधिकारी पोर्फिरी, ज्याच्याजवळ पुरावा नाही आणि म्हणून ज्याला कबुलीच हवी आहे. दुसरी मार्मेलादोव्हची मुलगी सोन्या, जी काहीच मागत नाही आणि म्हणून जिला सांगावंसं वाटतं. पोलिश दिग्दर्शक आंद्रे वायदानं १९८४ मध्ये क्राकोच्या स्तारी थिएटरमध्ये ही कादंबरी उभी केली तेव्हा पोर्फिरी आणि रास्कोल्निकोव्ह यांची झुंजच मध्यभागी ठेवली. शिकागोच्या मेरिलिन कॅम्बेल आणि कर्ट कोलंबस यांनी तर सगळं नाटक तीन नटांत आणि दीड तासात बसवलं.

प्रश्न बदलला की नाटकही बदलतं. दुन्या आणि स्विद्रिगायलोव्ह यांची बंद खोली, तिच्या हातातलं पिस्तूल, हा प्रसंग तर जणू रंगमंचासाठीच लिहिलाय. पण तो घेतला की तिथवर पोचायला त्या दोघांचा सगळा मागचा इतिहास घ्यावा लागतो, आणि अर्धा तास रास्कोल्निकोव्ह विंगेत बसून राहतो. ते वेगळं नाटक आहे, कुणीतरी जरूर करावं. आपल्या मराठीत हे शीर्षकांवरूनही दिसतं. जयवंत दळवींनी ‘अंधाराच्या पारंब्या’ या स्वतःच्याच कादंबरीवरून नाटक केलं त्याचं नाव ‘बॅरिस्टर’. त्यांच्या ‘महानंदा’वरून शं. ना. नवरे यांनी केलेलं नाटक ‘गुंतता हृदय हे’. नाटकाचा डोळा कुठे रोखलाय ते नावातच कळतं.

डोक्यातलं डोक्याबाहेर कसं काढायचं?

खरी अडचण इथे आहे. कादंबरीत ‘त्याला वाटलं’ असं लिहून पानभर विचार सांगता येतो. रंगमंचावर ‘वाटलं’ नावाची सोयच नाही. तिथे माणूस करतो किंवा बोलतो, बाकी काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक विचारापाशी थांबून बघावं लागतं, की हा विचार कोणत्या जातीचा आहे.

काही विचार म्हणजे नुसती धास्ती असते. ती वस्तूत उतरवता येते. खुनाच्या दिवशी रास्कोल्निकोव्ह कोटाच्या आत, डाव्या काखेखाली एक फास शिवून घेतो आणि त्यात कुऱ्हाड लटकवतो. गहाण ठेवायला म्हणून चांदीची सिगारेटची डबी आणल्याचं सांगतो, पण ती असते लाकडाची फळी आणि लोखंडी पत्रा. ती तो कागदात गुंडाळून दोऱ्यानं अशी करकचून बांधतो, की गाठ सोडवण्यात म्हातारी गुंतून राहावी. ती उजेडासाठी खिडकीकडे वळते, पाठमोरी होते, गाठ काही सुटत नाही. नाटककाराला इथे एक शब्दही लिहायचा नाही. म्हातारीची बोटं गाठीवर आणि त्याचा हात कोटात, एवढंच प्रेक्षकांना दिसलं पाहिजे. कादंबरीतली त्या क्षणाची सगळी तगमग त्या गाठीत आलेली असते.

पुढचा प्रसंग तर याहून सोपा. खून झाल्यावर तो आतून कडी लावून उभा आहे. बाहेर कोख नावाचा गिऱ्हाईक घंटा वाजवतोय, मागून पेस्त्र्याकोव्ह नावाचा तरुण येतो. तो दार ओढून बघतो आणि म्हणतो की दार हलतंय, म्हणजे कुलूप नाही, आतून कडी आहे, म्हणजे आत कोणीतरी आहे. हे दोघे रंगमंचावर यायचीही गरज नाही, विंगेतून आवाज पुरतात. प्रेक्षक आतल्या माणसाकडे बघतात आणि बाहेरचा तर्क ऐकतात. त्याच्या मनात काय चाललंय ते बाहेरची माणसंच बोलतात, आणि तेही नकळत.

दुसऱ्या जातीचे विचार म्हणजे मतं. असामान्य माणसाला रक्त सांडण्याचा अधिकार असतो, हा रास्कोल्निकोव्हचा सिद्धांत. हे त्याच्या तोंडी भाषण म्हणून घातलं की प्रेक्षक कार्यक्रमपत्रिका वाचायला लागतात. लेखकानंच इथे मोठी मदत करून ठेवली आहे. या विषयावर रास्कोल्निकोव्हनं एक लेख लिहिलेला असतो आणि तो छापून आलाय हे त्याला ठाऊकच नसतं. पोर्फिरीनं तो वाचलाय. पहिल्याच भेटीत पोर्फिरी सहज विषय काढतो, तुमचा लेख फार आवडला म्हणतो, आणि मग हसतहसत विचारतो की लिहिताना आपण स्वतःही थोडेसे असामान्य आहोत असं वाटलं असेल, नाही का? आता तोच सिद्धांत चौकशी झाला. प्रत्येक वाक्य बोलताना रास्कोल्निकोव्हला जपावं लागतंय, आणि प्रेक्षक विचारसरणी ऐकतायत हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

मग स्वगत कशाला असतं?

हा आक्षेप येणारच. संगीत नाटकापासून आपल्याला स्वगताची सवय आहे. नट पुढे येईल, प्रकाश त्याच्यावर पडेल, आणि तो मनातलं बोलेल. सोय आहे खरी, आणि एखाद्या जागी फार देखणी दिसते.

पण स्वगतात माणूस स्वतःशी खोटं बोलत असला पाहिजे किंवा दोन मतांत फाटलेला असला पाहिजे, तरच ते उभं राहतं. ‘मी फार अस्वस्थ आहे’ हे सांगणारं स्वगत म्हणजे नटाच्या चेहऱ्यावर अविश्वास दाखवणं. शिवाय या कथेत एक खास तोटा आहे. रास्कोल्निकोव्हनं दर दहा मिनिटांनी प्रेक्षकांपाशी मन मोकळं केलं, तर सोन्यापाशी कबूल करायला त्याच्याजवळ राहिलं काय? पहिली कबुली आपल्यालाच मिळालेली असते. गंमत म्हणजे दस्तयेव्हस्कीनंही ही गोष्ट आधी नायकाच्या ‘मी’मध्ये, कबुलीजबाबासारखी लिहायला घेतली होती. १८६५ च्या नोव्हेंबरात त्यानं लिहिलेलं जाळलं आणि पुन्हा सुरुवात केली, तेव्हा तो ‘मी’ गेला.

सूत्रधार किंवा निवेदक ठेवण्याचंही तसंच. काळ पुढे सरकवायला एखादं वाक्य ठीक. पण निवेदक भावना सांगायला लागला, की रंगमंचावरची माणसं पुस्तकातली चित्रं होतात.

पात्रं कापायची ती कशी?

आवडीनिवडीनं नाही, कामावरून. लग्नात मुलीला बोहल्यावर आणायचं काम मामाचं. मामा आले नाहीत म्हणून लग्न थांबत नाही, पण मुलीला कोण आणणार ते आधी ठरवावं लागतं. पात्र कापताना नेमकं हेच करायचं: त्याच्याकडे कोणतं काम होतं ते लिहून काढायचं आणि ते दुसऱ्या कोणाच्या अंगावर टाकायचं.

नायकाचा मित्र रझुमिखिन घ्या. मोठा लोभस माणूस, वाचकांचा लाडका. तो पोर्फिरीची ओळख करून देतो. पण पोर्फिरी त्या लेखामुळे किंवा म्हातारीकडच्या गहाणांच्या यादीवरून स्वतःच बोलावणं धाडू शकतो. रझुमिखिनचं दुसरं काम नाजूक आहे. पोर्फिरी निरोप घेता घेता विचारतो, तुम्ही गहाण ठेवायला म्हातारीकडे गेला होतात तेव्हा खालच्या मजल्यावर रंगारी काम करताना दिसले का? हा सापळा आहे, कारण रंगारी तिथे होते ते खुनाच्या दिवशी. रास्कोल्निकोव्ह सावध राहून ‘नाही’ म्हणतो, आणि मग रझुमिखिनच ओरडतो की अहो, रंगारी तर खुनाच्या दिवशी होते! म्हणजे प्रेक्षकाला सापळा समजावून सांगायचं काम तो करतो. त्याला कापलं तर हे काम खुनाच्या प्रवेशावर येतं. तिथे जिन्यावर रंगाऱ्यांचा दंगा, हसणं, भांडण ठळक ऐकू आलं पाहिजे, इतकं की तासाभरानं पोर्फिरीनं ‘रंगारी’ म्हटल्याबरोबर प्रेक्षकांच्या पोटात गोळा यावा. असं जमलं तर रझुमिखिन गेल्याचा तोटा नाहीच, उलट फायदा आहे. आता सापळा प्रेक्षक स्वतः ओळखतो.

स्विद्रिगायलोव्हचं मात्र इतकं सरळ नाही. शेवटी रास्कोल्निकोव्ह पोलीस ठाण्यात जातो, तिथे त्याला स्विद्रिगायलोव्हनं गोळी झाडून घेतल्याचं कळतं, तो काही न बोलता परत फिरतो, खाली अंगणात सोन्या उभी दिसते, आणि तो पुन्हा वर चढतो. स्विद्रिगायलोव्ह नाही तर परत फिरायला निमित्त काय? माझ्या मते तिथे निमित्ताची गरज नाही. भित्रेपणा पुरेसा आहे. पण एक गोष्ट जाते हे मान्य करावं लागतं: पश्चात्ताप झालाच नाही तर माणसाचं काय होतं, हे दाखवणारा दुसरा शेवट नाटकात राहत नाही. रशियन दिग्दर्शक युरी ल्युबिमोव्हनं १९७९ मध्ये मॉस्कोच्या तागान्का थिएटरात हे नाटक केलं तेव्हा स्विद्रिगायलोव्ह ठेवला होता, ती भूमिका व्लादिमिर व्हिसोत्स्की करायचा. ल्युबिमोव्हला नायकाबद्दल कणव नको होती. त्याच्या हिशेबात ते पात्र हवंच होतं.

एकाच नटाला अनेक भूमिका देणं ही कधीकधी पैशांची तडजोड असते, पण इथे तिच्यातून अर्थही निघतो. शिकागोच्या तीन नटांच्या त्या प्रयोगात म्हातारी, लिझावेता, आई आणि सोन्या एकच नटी करते. कादंबरीत कबुलीच्या क्षणी सोन्या घाबरून हात पुढे करून मागे सरकते आणि रास्कोल्निकोव्हला तिच्या चेहऱ्यात लिझावेताचा चेहरा दिसतो, कुऱ्हाड पाहून अशीच मागे सरकणारी. लेखकाला हे सांगावं लागतं. रंगमंचावर चेहरा खरोखरच तोच असतो. नटीनं दोन्ही वेळा हात सारखा उचलला की झालं.

मध्यंतर कुठे येणार?

आपल्याकडे दोन अंक आणि मधे चहा-वडा, त्यामुळे हा प्रश्न चेष्टेचा नाही. माझी मांडणी अशी असेल. पहिल्या अंकात म्हातारीकडची पहिली फेरी, गुत्त्यात भेटलेला मार्मेलादोव्ह, खून, पोर्फिरीची पहिली भेट, सोन्याकडून बायबलमधली लाझरसची कथा वाचून घेणं, आणि पोर्फिरीची दुसरी भेट. मार्मेलादोव्ह ठेवायचा तो त्याच्या दारूसाठी नाही. मुलगी घर चालवायला रस्त्यावर उभी राहते, हे सोन्या येण्याआधी बापाच्याच तोंडून कळलं पाहिजे.

दुसऱ्या भेटीत पोर्फिरी त्याला जवळपास मोडतो. शेजारच्या बंद दाराकडे बोट दाखवून तिथे तुमच्यासाठी एक गंमत ठेवली आहे म्हणतो. आणि तेवढ्यात भलत्याच दारातून रंगारी निकोलाय आत घुसतो, गुडघे टेकतो आणि ‘मी खून केला’ म्हणतो. पोर्फिरीही चक्रावतो. इथे पडदा. नायक कायद्याच्या तावडीतून सुटलाय, आणि प्रेक्षक चहा पिताना हाच विचार करणार, की आता हा कबूल कशाला करील? दुसऱ्या अंकाचं ओझं नेमकं तेच आहे.

सोन्याच्या दोन भेटींचा एक प्रवेश करावा, असं पहिल्या खर्ड्यात हमखास वाटतं. खोली तीच, माणसं तीच. पण पहिल्या भेटीत जाताना तो म्हणतो की उद्या आलो तर लिझावेताला कोणी मारलं ते सांगेन. या वचनावर मध्यंतराच्या दोन्ही बाजू ताणलेल्या राहतात. भेटी जोडल्या की दोरीच सुटली.

सगळ्यात सुंदर प्रसंगच का गेला?

रास्कोल्निकोव्हला पडणारं स्वप्न: लहानपणचा तो, बापाचा हात धरलेला, आणि दारुडे गावकरी एका मरतुकड्या घोडीला मारून मारून जीव घेतायत. ज्यानं वाचलं तो विसरत नाही. मीही ते कापेन. चाबूक, सावल्या, घोड्याचे मुखवटे असं करून दाखवलं तर लोक नेपथ्याला टाळ्या देतात, आणि नटानं सांगितलं तर खुनाच्या उंबरठ्यावर गोष्ट पाच मिनिटं थांबते. त्या स्वप्नाचं काम एवढंच, की या माणसाला मारणं सहन होत नाही हे आपल्याला कळावं. मार्मेलादोव्हच्या घरी खिडकीत गुपचूप ठेवलेली चिल्लर त्याच मनाची खूण देते, आणि तिला अर्धं मिनिट लागतं.

बरोबरी होते का? नाही होत. कादंबरी वाचणाऱ्यासाठी ते स्वप्न पुस्तकातच आहे.

खर्डा फसलाय हे कसं ओळखायचं?

पहिल्या वाचनाला कादंबरी न वाचलेली दोन-तीन माणसं बोलवावीत. वाचलेले लोक गाळलेल्या जागा मनात भरतात, त्यामुळे त्यांना सगळंच कळतं. न वाचलेल्याला नंतर गोष्ट सांगायला लावली की तो जिथे अडखळतो तिथे दुवा तुटलेला असतो. नटांचं ऐकावं. ‘मी आत्ता इथे का आलोय?’ असं नट विचारतो तेव्हा बहुतेक वेळा तो प्रवेश कादंबरीत होता म्हणून ठेवलेला असतो, त्या माणसाला कोणाकडून काही हवंय म्हणून नाही. आणि ‘तुला तर माहीतच आहे’ अशी सुरुवात असलेलं वाक्य दिसलं की समजावं, ते समोरच्या पात्रासाठी नाही, प्रेक्षकाला माहिती पुरवायला लिहिलंय.

लेखकाचा अपमान होत नाही का?

दस्तयेव्हस्कीनं तर मोडतोडीची परवानगीच देऊन ठेवली होती. पण प्रत्येक लेखक इतका उदार नसतो, आणि कायदाही त्याच्या बाजूनं आहे. भारतात लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं कादंबरीवर नाटक करायला हक्कधारकाची परवानगी लागते. दस्तयेव्हस्की १८८१ मध्ये गेला, त्यामुळे मूळ कादंबरी मोकळी आहे. पण तुम्ही संवाद एखाद्या मराठी किंवा इंग्रजी अनुवादावरून उचलणार असाल, तर त्या अनुवादाचा हक्क वेगळा असतो आणि तो बहुधा अजून चालू असतो. त्यामुळे अनुवादक किंवा प्रकाशकाकडून लेखी होकार घ्यायचा, आणि तो तालमी सुरू व्हायच्या आधी. पात्रं गाळणार, शेवट बदलणार असाल तर तेही त्या पत्रात लिहावं. पोर्फिरी-सोन्याचीच गोष्ट करतोय, सायबेरियातल्या शिक्षेचा उपसंहार घेत नाही, पोलीस ठाण्यात पडदा टाकतोय, एवढं तीन ओळींत लिहिता येतं.